तीन एकर

सरपंचांचं भाषण लांबलं, त्यामुळे सायलीच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं आली. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात एका बाजूला बाया, पायऱ्यांवर बापई. लॉच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सायलीने भाषण पाठच केलं होतं.

"हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये 2005 साली दुरुस्ती होऊन मुलगी जन्मतःच सहदायक..."

बाया माना हलवत होत्या. शिबिरात मान हलवणं हा पाहुणचारच असतो.

खांबाला टेकलेली एक बाई मध्येच म्हणाली, "भावानं सोमवारी तालुक्याला बोलावलंय, सही कराया. करू का?"

सायलीने हातातला कागद खाली ठेवला. "कशावर सही?"

"ते न्हाई ठावं. वडील गेले, आता सातबाऱ्यावर नावं लावायचीत म्हणतो."

"जमीन कुणाची?"

"आज्याची. तीन एकर."

"आई आहे?"

"ती आधीच गेली. दोन भाऊ, आन मी."

"वडिलांनी काही लिहून ठेवलंय?"

"कुठलं लिवत्यात!"

"वाटणी?"

"न्हाई झाली."

"मग त्यातली एक एकर तुमची."

माना हलायच्या थांबल्या. "लगीन झालं तरी?" पुढची एक म्हणाली.

"लग्नाला पंचवीस वर्षं झाली असली तरी. तलाठ्याकडे वारसनोंद करताना तिघांचीही नावं लागतात. पण रजिस्ट्रीच्या कचेरीत नेऊन सही मागितली, तर तो कागद बहुतेक हक्कसोडपत्राचा. त्यावर सही झाली की तुमची एकर भावांची. फसवून घेतली म्हणून मोडायची तर कोर्टात जावं लागतं, आणि फसवलं हे तुम्हालाच दाखवावं लागतं."

"म्हंजी करू नको म्हणता?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. "ते तुम्ही ठरवायचं. भावाला द्यायची असेल तर खुशाल द्या, पण जाणून द्या. कागद वाचून घेतल्याशिवाय सही नाही, आणि कुणी जबरदस्तीही करू शकत नाही."

"आन भाऊबीजेला दार लावून घेतलं तर?" एका म्हातारीने विचारलं. "त्याला हाय का कलम?"

सगळ्या हसल्या. सायलीला हसू आलं नाही. "नाही, आजी. त्याला नाही."

म्हातारीने पदर सावरला. "खरं बोलली पोर."

खांबापाशी बसलेली बाई अजून विचारातच होती. "कागद वाचून कोण दावंल?"

"तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असू दे. 15100 वर फोन केला तरी चालेल. सोमवारी आधी तिथे जा, मग भावाकडे. नाव सांगा, मी आजच कळवून ठेवते."

बाईने पायऱ्यांकडे पाहिलं. "भावाला कळंल का?"

"माझ्याकडून नाही."

"मग लिवा."