गणपतीचे पाच दिवस : कोणत्या वेळी काय लावायचं

मंडळी, नमस्कार. यंदा मंडपातल्या गाण्यांचं माझ्याकडे आलंय. यादी तयार आहे, एकदा नजरेखालून घाला.

सकाळी ६.३० : आवाज अगदी बारीक, फक्त मंडपापुरता. कुमार गंधर्वांचं 'उठी उठी गोपाला', मग 'घनश्याम सुंदरा श्रीधरा' ही होनाजी बाळाची भूपाळी. त्यानंतर सुरेश वाडकरांचं 'ओंकार स्वरूपा'. ७.३० ला स्पीकर बंद, कारण अथर्वशीर्षाची आवर्तनं आपणच म्हणणार आहोत.

सकाळी ८ आणि संध्याकाळी ७.३० : आरती. इथे रेकॉर्ड लावायची नाही, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. गेल्या वर्षी आरती मोबाइलवर लावली होती. गाणं पुढे गेलं, टाळ मागे राहिले आणि हळूहळू सगळे गप्प होऊन नुसते हात जोडून उभे राहिले. मला ते फार लागलं. 'येई हो विठ्ठले'मध्ये 'निढळावरी कर' म्हणताना ए विंगचे आजोबा सूर धरून ठेवतात आणि त्यांचा श्वास सुटेपर्यंत पोरं टाळ वर उचलून थांबतात. तसं थांबणं कुठल्या रेकॉर्डला जमणार?

क्रम नेहमीचाच : 'सुखकर्ता दुःखहर्ता', 'लवथवती विक्राळा', 'दुर्गे दुर्घट भारी', 'युगे अठ्ठावीस', 'येई हो विठ्ठले', मग 'घालीन लोटांगण' आणि मंत्रपुष्पांजली. मंत्रपुष्पांजली घाईत उरकू नका. छापील प्रती मंडपात ठेवतो, मुलांना पुढे उभं करा.

दुपारी १२ ला नैवेद्य, तेव्हा गाणी नकोत. १ ते ४.३० स्पीकर पूर्ण बंद. घरोघरी तान्ही बाळं आहेत, रात्रपाळी करून आलेली माणसं झोपलेली असतात.

संध्याकाळी ५ : मुलं खाली येतात, तेव्हा 'गणराज रंगी नाचतो', 'प्रथम तुला वंदितो'. गौरीपूजनाच्या दिवशी हा वेळ महिला मंडळाच्या फुगड्यांना आणि गौरीच्या गाण्यांना, तीही तोंडानेच.

रात्री ८.३० : अभंग. दोन दिवस आपलं भजनी मंडळ बसेल. उरलेल्या दिवशी भीमसेन जोशींचे 'तीर्थ विठ्ठल' आणि 'माझे माहेर पंढरी', प्रकाश घांग्रेकरांचं 'अवघे गर्जे पंढरपूर', किशोरीताईंचा 'अवघा रंग एक झाला'. ९.५० ला 'अगा वैकुंठीच्या राया', म्हणजे शेवट भैरवीने. १० नंतर स्पीकर कायद्यानेच बंद.

सगळी गाणी आधी डाउनलोड करून ठेवली आहेत. ज्याचा फोन जोडाल त्याने तो एअरप्लेन मोडवर ठेवावा, म्हणजे अभंगाच्या मध्येच कुणाचा कॉल वाजणार नाही.

विसर्जनाच्या दिवशी दुपारनंतर यादी नाही. झांजा आणि लेझीम ऑफिसच्या कपाटात आहेत. एका ढोलकीची शाई गेली आहे, ती या रविवारी दुरुस्तीला देतोय. कुणाला एखादं गाणं सुचवायचं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा.