ओंकारच्या भाडेकराराचं तिसरं पान, मराठीत

ओंकार, फोटो मिळाला. पान नीट वाचता येतंय, फक्त सहाव्या कलमात तुझा अंगठा आलाय, तिथला आकडा झाकला गेलाय. तो अंदाजाने लिहिणार नाही. वकिलाच्या ऑफिसात बावीस वर्षं टायपिंग केलं, त्यात एवढं नक्की शिकले.

आधी नावांचा घोळ मिटवते. हा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार आहे. इथे लिव्ह म्हणजे सुट्टी नव्हे, परवानगी. लायसेन्सर म्हणजे घरमालक काका आणि लायसेन्सी म्हणजे तू. भाड्याला यात ‘लायसन्स फी’ म्हटलंय. आपण बोलताना भाडेकरू म्हणतो, पण कागदावर तू परवानगीने राहणारा आहेस. घराचा ताबा कायद्याने मालकाकडेच राहतो आणि मुदत संपली की परवानगीही संपते. पुण्या-मुंबईत बहुतेक घरं अशीच दिली जातात, त्यात वावगं काही नाही.

आता ओळीने बघू. अवतरणात आहे तो करारातला मजकूर, बाकी माझं बोलणं.

कलम ४. “लायसेन्सीने दरमहा रु. १८,००० इतकी फी त्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ द्यावी. उशीर झाल्यास दर दिवशी रु. २०० जादा आकारले जातील.” आगाऊ म्हणजे जूनचं भाडं जूनच्या पाच तारखेच्या आत. तुझा पगार सात तारखेला होतो ना? मग १० तारीख करून माग. बँकेतूनच दे, रोख नको.

कलम ५. “लायसेन्सीने रु. ६०,००० बिनव्याजी परतावायोग्य अनामत ठेवली आहे. जागेचा रिकामा ताबा परत देतेवेळी, थकबाकी व नुकसानीची रक्कम तसेच रंगकाम व सफाईपोटी एक महिन्याची फी वजा करून, उर्वरित रक्कम परत केली जाईल.” रिकामा ताबा म्हणजे तुझं सामान बाहेर आणि किल्ली मालकाच्या हातात. थकबाकी कापणं रास्तच आहे, पण ‘तसेच’पुढचं वाक्य परत वाच. घर तू आरशासारखं ठेवलंस तरी १८,००० गेलेच. म्हणजे परत मिळणारी अनामत खरी ४२,०००. शिवाय आठव्या कलमात हेच लोक म्हणतात, “जागा आहे त्या स्थितीत परत करावी, वाजवी वापराने होणारी झीज वगळून.” भिंतीचा रंग फिका पडणं ही झीजच. दरवाजाला भोक पाडलंस तर ते नुकसान. एका कलमात झीज माफ करायची आणि दुसऱ्यात तिचेच पैसे घ्यायचे, हे जमणार नाही. रंगकामाचे शब्द काढायला सांग. राहायला जायच्या दिवशी प्रत्येक खोलीचा, गिझरचा, नळांचा फोटो काढून मालकांना पाठवून ठेव.

कलम ६, अंगठ्याचं. “मुदत अकरा महिने राहील. पैकी पहिले सहा महिने लॉक-इन असून, त्यापूर्वी लायसेन्सीने जागा सोडल्यास लॉक-इनच्या उर्वरित काळाची फी त्याने द्यावी. त्यानंतर लायसेन्सी (आकडा दिसत नाही) दिवसांची लेखी नोटीस देऊन जागा सोडू शकेल. लायसेन्सर कोणत्याही वेळी १५ दिवसांच्या नोटिशीने परवानगी रद्द करू शकेल.”

लॉक-इन म्हणजे दाव्याला बांधणं. पण दावं फक्त तुझ्याच गळ्यात आहे. तुझी दोन महिन्यांत बंगळुरूला बदली झाली तर उरलेल्या चार महिन्यांचे ७२,००० मागतील, म्हणजे अनामतीपेक्षा जास्त. मालकांनी मात्र तिसऱ्याच महिन्यात पंधरा दिवसांत बाहेर काढलं तरी त्यांना काही भरावं लागणार नाही. लॉक-इन ठेवायचा तर दोघांना ठेवा, तीन महिन्यांचा. नंतरची नोटीस दोन्हीकडून एक महिन्याची.

कलम ७, ९ आणि ११ थोडक्यात. सातवं: जागा फक्त तुझ्या राहण्यासाठी, पोटभाडेकरू ठेवायचा नाही. मित्र दोन दिवस आला तर हरकत नाही, पण भाडं वाटून घ्यायला रूममेट आणायचा असेल तर त्याचं नाव आत्ताच करारात घाल. नववं: “लायसेन्सर कोणत्याही वेळी जागेची पाहणी करू शकेल.” एक दिवस आधी कळवून, असं जोडून घे. अकरावं: “लायसेन्सीच्या कृत्यामुळे लायसेन्सरला झालेल्या हानीची तो भरपाई करील व लायसेन्सरला तोशीस लागू देणार नाही.” वाचून घाबरला असशील, पण हे प्रत्येक करारात असतं. तुझा नळ उघडा राहून खालच्यांचं छत भिजलं तर खर्च तुझा, मालकांचा नाही, एवढाच अर्थ.

कलम १०. “मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागेल.” ही मालकांची मनमानी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ मध्येच ते आहे. अकरावा महिना लागला की नूतनीकरणाचं बोलायला घे.

आता मला सगळ्यात खटकलेलं, कलम १२. “हा करार नोटरीसमोर साक्षांकित केला जाईल व त्याची नोंदणी करण्याची आवश्यकता नाही, हे उभयपक्षी मान्य आहे.” अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे एजंट लोक छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात ते खोटं आहे. याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोघांना मान्य आहे असं लिहून कायदा टळत नाही. नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं बघतो. सरकारी नोंदीत काही जात नाही.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क म्हणजे अकरा महिन्यांचं भाडं अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. तुझ्या आकड्यांवर पाचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटची मजुरी वेगळी, ती आधी ठरवून घे. ऑनलाइन होतं, आधारवर अंगठा लागतो.

एजंटला हे जसंच्या तसं पाठव:

“नमस्कार दादा, करार वाचला. चार बदल हवेत. कलम ५ मधून रंगकाम-सफाईची कपात काढावी. कलम ६ मध्ये लॉक-इन दोन्ही बाजूंना तीन महिने आणि नंतर दोघांनाही एक महिन्याची नोटीस. कलम ४ मध्ये तारीख १०. कलम १२ काढून ऑनलाइन नोंदणी करू, मुद्रांक आणि नोंदणी फी निम्मी मी देतो. मसुदा दुरुस्त झाला की टोकन भरतो.”

टोकन आधी भरू नकोस. आणि अंगठा बाजूला घेऊन त्या पानाचा फोटो परत पाठव, पहिल्या दोन पानांचेही. घराचा पत्ता आणि मालकांचं नाव तिथेच असणार, ते वीजबिलाशी जुळतंय का बघायचंय.

मावशी