पोझिशनिंग स्टेटमेंट: वरून वास न घातलेला, सहा आठवडे मुरवलेला साबण

अंघोळीनंतर ज्यांची त्वचा ओढल्यासारखी होते, सुगंधी वस्तूंनी ज्यांचं डोकं चढतं आणि विकत घेण्याआधी जे घटकांची यादी वाचतात, त्यांच्यासाठी हा रोजच्या अंघोळीचा साबण आहे. तीन सेंद्रिय तेलांपासून हाताने केलेला. सुवासावर आणि रंगावर विकल्या जाणाऱ्या हस्तनिर्मित साबणांसारखा तो नाही: यात वरून वास घातलेला नाही, रंग नाही, आणि सहा आठवडे मुरल्याशिवाय एकही वडी आम्ही पाठवत नाही. वडी कोणत्या दिवशी ओतली ते प्रत्येक वेष्टणावर छापलेलं असतं.

विधान एवढंच. पुढचा मजकूर आपल्या पाच जणांसाठी आहे: साबण करणारे दोघे, फोटो काढणारी, पार्सल भरणारा आणि गिऱ्हाइकांना उत्तरं देणारी.

विधानात ब्रँडचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. तिथे दुसऱ्या कुठल्याही साबणवाल्याचं नाव घालून पाहा. वाक्यं तरीही खरी राहिली, तर विधान फसलं. आधीचा मसुदा, ‘निसर्गाच्या कुशीतून आलेला शुद्ध, प्रेमाने बनवलेला साबण’, याच चाचणीत पडला. ऑनलाइन बाजारपेठेच्या शोधपानावर शेजारी दिसणाऱ्या निम्म्या वड्या तेच म्हणत असतात.

कोणाशी तुलना होणार

कारखान्यातल्या साबणाशी आपली स्पर्धा नाही. तो स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो आणि बहुतेकांचं त्यावर बरं चाललंय. आपलं गिऱ्हाईक तिथून आधीच निघालेलं आहे. ते हस्तनिर्मित साबण शोधतं आणि त्याला दिसतात लव्हेंडर, गुलाब, कोळसा, कॉफी, वर सुकलेल्या पाकळ्या. या गर्दीत आणखी एक छान लव्हेंडर घेऊन उतरण्यात अर्थ नाही.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पडद्यावर वास येत नाही. दुकानात वडी नाकाशी धरली की सौदा होतो. ऑनलाइन त्याच सुवासाला विशेषणांवर जगावं लागतं. आपल्याला वासाचं वर्णनच करायचं नाही. आपण जे सांगतो ते सगळं फोटोत आणि घटकयादीत दाखवता येतं: तेलं, त्यांचं प्रमाण, तारीख. म्हणून दुकानात कदाचित कोपऱ्यात पडून राहिली असती ती वडी इथे उभी राहू शकते.

शब्द मात्र जपून. ‘बिनवासाचा’ असं ठोकून सांगायचं नाही. तेलाचा आणि साबणाचा स्वतःचा मंद वास असतोच, आणि आपलं गिऱ्हाईक नाकाचं तिखट आहे. ‘वरून वास न घातलेला’ हेच म्हणायचं. ‘नैसर्गिक सुगंधी तेल तरी चालेल ना?’ हा प्रश्न येणार. उत्तर: नाही. लव्हेंडर आणि लिंबूवर्गीय तेलांतले लिनालूल, लिमोनीन हे घटक झाडातूनच येतात, पण हवेशी संयोग झाल्यावर काहींच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी होऊ शकते.

विश्वास का ठेवावा

तेलाच्या एकूण वजनात ऑलिव्ह ७० टक्के, खोबरेल २०, एरंडेल १०. हे आकडे विक्रीच्या पानावर उघड लिहायचे. कोणी नक्कल करेल ही भीती सोडा. सहा आठवडे थांबण्याची नक्कल करायला फार कमी लोक तयार होतात.

साबण थंड पद्धतीने होतो. तेल आणि कॉस्टिक सोड्याचं द्रावण एकत्र आलं की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, आणि हे ग्लिसरीन वडीतच राहतं. मोठ्या कारखान्यांत ते बहुधा वेगळं काढून विकलं जातं. सगळं तेल साबणात बदलायला जेवढा सोडा लागेल, त्याहून आपण ५ टक्के कमी घेतो, त्यामुळे थोडं तेल मोकळं राहतं. अभिक्रिया पहिल्या एक-दोन दिवसांत जवळपास पूर्ण होते. सहा आठवडे लागतात ते पाणी उडायला. ऑलिव्ह जास्त असलेली ताजी वडी मऊ असते आणि ओल्या साबणदाणीत लगदा होते. मुरलेली टणक होते, जास्त टिकते. याच काळात वजन घटतं, म्हणून कापताना ११५ ग्रॅम धरायचं. वेष्टणावर १०० लिहिलंय, तर हातात १०० पडलेच पाहिजेत.

एक उणीव आपणच आधी सांगायची: फेस मोठा येत नाही. ऑलिव्हचा फेस बारीक आणि साईसारखा असतो, आणि क्षारयुक्त जड पाण्यात तो आणखी कमी होतो. हे पानावर तिसऱ्या ओळीत हवं. तिथे वाचून जो परत गेला, त्याचा एक तारा पुढे आपल्या वाट्याला येत नाही.

काय म्हणायचं नाही

‘केमिकल-फ्री’ कधीही नाही. कॉस्टिक सोड्याशिवाय वडीचा साबण होत नाही. तयार वडीत तो उरत नाही, कारण तो तेलाशी संयोग पावतो. पण वापरलाच नाही असं म्हणणं खोटं आहे. घटकयादीत तो लिहायचा.

‘पीएच संतुलित’ नाही. खरा साबण अल्कधर्मी असतो, पीएच साधारण ९ ते १०. साडेपाच हवा असेल तर ती वेगळी वस्तू, साबण नव्हे.

इसब, सोरायसिस, मुरुम ही नावं शीर्षकात नाहीत, शोधशब्दांत नाहीत, उत्तरांतही नाहीत. रोग बरा करण्याचा दावा केला की साबण अनेक देशांच्या कायद्यात औषधाच्या रांगेत जाऊन बसतो. गिऱ्हाइकाने स्वतःहून चांगला अनुभव लिहिला तर आभार मानायचे, तो उचलून जाहिरात करायची नाही.

आणि सगळ्यात अडचणीचा शब्द, सेंद्रिय. आपल्या तिन्ही तेलांना पुरवठादाराचं प्रमाणपत्र आहे. आपल्या कार्यशाळेला आणि तयार साबणाला अजून नाही. म्हणून ‘सेंद्रिय तेलांपासून’ चालेल, ‘प्रमाणित सेंद्रिय साबण’ चालणार नाही, आणि प्रमाणन संस्थेचं चिन्ह वेष्टणावर अजिबात नाही. काही देशांत पहिल्या शब्दप्रयोगावरही अटी असतात. तिथे विक्री सुरू करण्याआधी तिथला नियम वाचून मगच पान टाकायचं. या शब्दाने शोधात वर येता येतं, मोह मलाही होतो. पण घटकयादी वाचणाऱ्याला पकडायला निघालोय आणि त्याच्याच हातात चूक द्यायची?

पानावर कसं उतरेल

शीर्षक: ‘वरून वास न घातलेला अंघोळीचा साबण, ऑलिव्ह ७०%, सहा आठवडे मुरवलेला, १०० ग्रॅम’. पहिला फोटो एकट्या वडीचा, पांढऱ्यावर, फुलं-पानं न मांडता. दुसरा वेष्टणावरच्या तारखेचा, बोटाच्या ठशाएवढा लहान केला तरी आकडे वाचता यावेत इतका जवळून. तिसरा घटकयादीचा.

महिन्याला ६०० वड्या होतात, त्याहून जास्त नाही. विक्री वाढली म्हणून चार आठवड्यांची वडी पाठवायची नाही, सवलतीच्या मेळ्यातही उतरायचं नाही. माल संपला तर उत्तर असं द्यायचं: ‘पुढची वडी ओतून झाली आहे, अजून मुरते आहे. तयार झाली की कळवतो.’ सोबत तारीख द्यायची, आणि त्या दिवशी खरंच कळवायचं.