वार्षिक स्नेहसंमेलन उत्साहात साजरे
(विद्यार्थी प्रतिनिधीकडून)

वडोदरा, दि. २१ डिसेंबर २०२५ : आमच्या शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन काल, शनिवार दि. २० डिसेंबर रोजी सायंकाळी पाच वाजता शाळेच्या पटांगणात पार पडले. अध्यक्षस्थानी मुख्याध्यापिका होत्या. शाळेचे माजी विद्यार्थी आणि निवृत्त ग्रंथपाल प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित होते. पालकांनी पटांगण साडेचारलाच भरले. उशिरा आलेल्यांना वर्गांतले बाक आणून द्यावे लागले.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन आणि स्वागतगीत झाल्यावर पाहुण्यांचे पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देऊन स्वागत करण्यात आले. मुख्याध्यापिकांनी वार्षिक अहवाल वाचला. त्यात दहावीचा निकाल, आंतरशालेय खो-खोतील यश आणि नवी प्रयोगशाळा यांचा उल्लेख होता.

प्रमुख पाहुण्यांचे भाषण छोटे, पण नेमके होते. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० साली बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय सुरू केले, हे पाठ्यपुस्तकात असते. मात्र पुस्तकांनी भरलेल्या पेट्या त्या काळी संस्थानातल्या खेड्यापाड्यांत पाठवल्या जात आणि एका गावात वाचून झाले की पेटी पुढे जात असे, ही माहिती बहुतेकांना नवी होती. आता तशीच एक पेटी प्रत्येक वर्गात ठेवून ती दर महिन्याला शेजारच्या वर्गाला द्यावी, अशी सूचना त्यांनी केली. पडद्यामागे नटूनथटून उभ्या असलेल्या बालवर्गाची चुळबुळ ऐकून त्यांनी भाषण लगेच आवरते घेतले. मुलांनी त्यासाठीही टाळ्या वाजवल्या!

सांस्कृतिक कार्यक्रमाची सुरुवात पहिली-दुसरीच्या बडबडगीतांनी झाली. सहावीच्या मुलांचे लेझीम आणि आठवीच्या मुलींचा गरबा लागोपाठ होते. गरब्याला समोर बसलेल्या आयांनी जागच्या जागी ताल धरला. सातवीचे समूहगान मात्र ध्वनिवर्धकाच्या घरघरीत पुरते ऐकू आले नाही.

संमेलनाचे खरे आकर्षण ठरली ती नववीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली एकांकिका. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रायोगिक तत्त्वावर सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण संस्थानात लागू केले. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. या दंडाभोवती एकांकिकेची गोष्ट गुंफली होती. अंमलदार मराठीत दरडावतो, तर शेतकरी गुजरातीत विचारतो, "छोकरो निशाळे जाय तो ढोर कोण चारे?" दोन्ही भाषा घराघरांत बोलणाऱ्या आपल्या शहरात हा संवाद कोणाला समजावून सांगावा लागला नाही. पुढे दंडाची नोटीस येते, पण ती वाचता येणारे घरात कोणीच नसते. शेतकरी ती घेऊन शाळेत जातो, तेव्हा मास्तर आपला मुलांचा धडा संपेपर्यंत त्याला मागच्या रांगेत बसवून ठेवतात. या प्रसंगाला सर्वाधिक दाद मिळाली. अंमलदाराची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याचा फेटा ऐन दरडावण्याच्या वेळी सुटला. त्याने तो गुंडाळून काखेत धरला आणि त्याच आवाजात दंडाची रक्कम सांगितली. फेट्याचा प्रसंग मुळातच लिहिलेला असावा, असे अनेक पालकांना वाटले. वेशभूषा साधी असली तरी कंदील, पाटी आणि दौत-टाक या वस्तू विद्यार्थ्यांनी आपापल्या आजी-आजोबांकडून मिळवल्या होत्या.

त्यानंतर बक्षीस समारंभ झाला. अभ्यास, क्रीडा, वक्तृत्व आणि चित्रकला या विभागांतील विजेत्यांना पाहुण्यांच्या हस्ते प्रशस्तिपत्रे व पुस्तके देण्यात आली. शाळेच्या शिपाईमामांचाही शाल व श्रीफळ देऊन सत्कार झाला. ते यंदा निवृत्त होत आहेत. त्यांचे नाव पुकारताच सर्व विद्यार्थी उभे राहिले. मामांना मात्र व्यासपीठावर दोन शब्द बोलवेनात. त्यांनी नुसते हात जोडले आणि सवयीने जाताना टेबलावरचे रिकामे पेले उचलून नेले.

सूत्रसंचालन दहावीच्या दोन विद्यार्थिनींनी केले. सांस्कृतिक विभागप्रमुखांनी आभार मानले. रात्री नऊ वाजता राष्ट्रगीताने कार्यक्रमाची सांगता झाली आणि सर्वांना गरमागरम शेव-उसळ देण्यात आली. गैरहजर विजेत्यांनी आपली बक्षिसे सोमवारी मधल्या सुट्टीत कार्यालयातून घ्यावीत, असे कळवण्यात आले आहे.

विद्यार्थी प्रतिनिधी,
इयत्ता दहावी 'अ'