बी अजून हिरवं

कडवंचीच्या शिवारात मार्च लागला तशा शेजारच्या थॉमसन द्राक्षांच्या बागा रिकाम्या झाल्या. भानुदासच्या अर्ध्या एकरातली शिराझ मात्र वेलीवरच होती. पहिलंच पीक, अंदाजे 2 टन. शेडमध्ये 1000 लिटरच्या तीन टाक्या धुऊन पालथ्या घातलेल्या. लाल वाईन आंबताना साली फुगून वर येतात, म्हणून टाकी पाऊणच भरायची, असं सुवर्णानं आबांना दोनदा सांगितलं होतं.

पहाटे सहाला ती पिशवी घेऊन निघायची. ओळीच्या दोन्ही अंगांनी, घडाच्या खांद्याचे, मधले, शेंड्याचे मिळून शंभर मणी. नुसते उन्हाकडचे घेतले की साखर उगाच जास्त दिसते. पिशवीतच चुरडून रस गाळायचा आणि एक थेंब साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर.

"किती?" आबांनी विचारलं.

"21.6."

"थॉमसन आपण अठराला तोडतो की! आभाळ बघ कसं भरून यायलंय. तोडून मोकळं व्हा."

सुवर्णानं मण्यातलं बी काढून त्यांच्या हातावर ठेवलं. अर्धं हिरवं, चिकट. "चावून बघा, आबा."

आबांचं तोंड कडू झालं.

"हे टाकीत आठ दिवस सालीसोबत राहणार. हाच कडूपणा वाईनीत उतरल."

भानुदास गप्प होता. त्याची भीती वेगळी होती. थांबावं तर रात्री उकडायला लागलेल्या. उष्ण रात्रीत मण्यातलं आम्ल जळतं, पीएच चढतो. पीएच 3.4 होता. 3.7 च्या वर गेला की रंग टिकत नाही, जंतूंना फावतं. ठिबक त्यानं दहा दिवसांपूर्वीच निम्म्यावर आणलं होतं.

रात्री वारा सुटला. पत्र्यावर टपटप सुरू झाली आणि तिघंही उठून पडवीत आले. गारा पडतायत का, एवढंच ऐकत होते. अर्ध्या तासात थांबलं.

उजाडताच भानुदासनं औषध न भरता ब्लोअर ओळींतून फिरवला. घडाच्या पोटात पाणी साचलं की मणी तडकतो आणि सड तिथूनच सुरू होते. आबा एकेक घड उलटून बघत गेले. बांधाकडच्या ओळीत सात घड तडकलेले निघाले, ते कापून बागेबाहेर पुरले. त्या दिवशी साखर मोजलीच नाही. पाणी प्यालेला मणी खरं सांगत नाही.

चौथ्या दिवशी 23.2. पीएच 3.5. सुवर्णानं बी दाताखाली धरलं. कट्ट आवाज आला, भाजल्या शेंगदाण्यासारखा. तपकिरी तुकडा तिनं आबांपुढे केला.

आबांनी तो बोटानं फिरवून पाहिला, चावला. मग काही न बोलता माळ्यावरून कात्र्या उतरवल्या आणि सहाणेला पाणी लावलं.

"क्रेट किती हायेत?"

"शंभर."

"बायांना पहाटे पाचला सांग. नऊच्या आत रान रिकामं व्हाया पायजे, ऊन चढायच्या आधी."

रसात जंतू वाढू नयेत म्हणून भानुदास मेटाबायसल्फाइट तोलायला बसला. टनाला 87 ग्रॅम.