विषय: इमारतीची लिफ्ट वारंवार बंद पडत असल्याबाबत तक्रार व कायमस्वरूपी दुरुस्तीची मागणी

मा. व्यवस्थापक साहेब,
सस्नेह नमस्कार.

सात रस्ता परिसरातील आपल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमचे लेखा व कर सल्ला कार्यालय आहे. उन्हाळ्यापासून इमारतीची लिफ्ट सतत बंद पडत असून, तोंडी तक्रारींचा उपयोग न झाल्याने हे लेखी निवेदन देत आहे.

लिफ्ट बंद पडली की सुरक्षारक्षक मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करतात, लिफ्ट सुरू होते आणि तक्रार मिटली असे समजले जाते; मूळ दोष मात्र तसाच राहतो आणि एक-दोन दिवसांत लिफ्ट पुन्हा अडकते. अलीकडे ती मजल्याच्या पातळीपेक्षा टीचभर खाली थांबते, त्यामुळे बाहेर पडताना ठेच लागते. गेल्या मंगळवारी सायंकाळी वीज गेली तेव्हा आमच्या दोन सहकारी दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकल्या. आतील अलार्म वाजला नाही, पंखा बंद होता, आणि मोबाईलवरून फोन आल्यावरच आम्हाला हे कळले. त्यांपैकी एक सात महिन्यांच्या गर्भवती आहेत. त्यांना काही झाले असते तर जबाबदारी कोणी घेतली असती, हा प्रश्न मी आपल्यासमोर गांभीर्याने ठेवते.

आमचे एक लेखापाल कुबडी घेऊन चालतात. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी त्यांना चार मजले चढावे लागतात, किंवा घरी परतावे लागते. कामावर येऊनही रजा टाकावी लागणे मला अन्यायाचे वाटते. विवरणपत्रांच्या कामासाठी येणारे वृद्ध पेन्शनर तर खालूनच परत जातात.

देखभाल शुल्क आम्ही नियमितपणे भरतो. त्यामुळे देखभाल कंपनीच्या तंत्रज्ञाकडून दाराचे लॉक, सेन्सर, ब्रेक व कंट्रोल पॅनल यांची संपूर्ण तपासणी करून दोषाचे कारण आम्हाला लेखी कळवावे, अशी विनंती आहे. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी बॅटरीवरील यंत्रणा बसवलेली असल्यास ती का चालली नाही, आणि नसल्यास ती केव्हा बसवणार, हेही स्पष्ट करावे. अलार्मची दुरुस्ती मात्र तपासणीची वाट न पाहता उद्याच व्हावी, आणि तातडीच्या वेळी फोन उचलणाऱ्या तंत्रज्ञाचा क्रमांक लिफ्टमध्ये ठळकपणे लावावा. पातळीचा दोष दूर होईपर्यंत लिफ्ट वापरासाठी सुरक्षित आहे की नाही, हे तंत्रज्ञाने सांगावे. नसेल तर ती बंद ठेवलेली आम्हाला चालेल, पण तसा फलक प्रत्येक मजल्यावर असावा.

लिफ्टसंबंधीच्या राज्याच्या २०१७ च्या अधिनियमानुसार सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर येते, हे आपण जाणताच. येत्या शुक्रवारी सायंकाळपर्यंत कामाच्या तारखेसह लेखी उत्तर न मिळाल्यास आम्हाला लिफ्ट निरीक्षकांकडे तक्रार दाखल करावी लागेल. तपासणीच्या वेळी मी स्वतः हजर राहीन; वेळ आदल्या दिवशी कळवावी.

आपली,
प्रशासन अधिकारी
लेखा व कर सल्ला कार्यालय, चौथा मजला
सात रस्ता, सोलापूर