घटक चाचणी, राज्यशास्त्र, इयत्ता दहावी : युद्धकाळातील पोस्टर आणि बातम्या

गुण २५ · वेळ १ तास

सूचना : चित्र वेगळ्या कागदावर दिले आहे. उत्तरात ‘चित्रात दिसते’ आणि ‘मला वाटते’ ही वाक्ये वेगवेगळी लिहा.

प्रश्न १. पोस्टर पाहा. (८)

ब्रिटन, १९१५. प्रकाशक : संसदीय सैन्यभरती समिती. चित्रकार : सॅव्हिल लुम्ली. आरामखुर्चीत वडील, मांडीवर पुस्तक उघडून बसलेली मुलगी, पायाशी खेळण्यातले सैनिक मांडणारा मुलगा. वडील मुलांकडे पाहत नाहीत, आपल्याकडे पाहतात. खाली मुलीचा प्रश्न : ‘बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत?’ मूळ इंग्रजीत ‘तुम्ही’साठीचा शब्द मोठ्या अक्षरांत आहे.

(अ) हा प्रसंग १९१५ मधला की त्यानंतरचा? दोन खुणा सांगा. (२)
(आ) ब्रिटनमध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा जानेवारी १९१६ मध्ये झाला. त्याआधी सरकारला असे पोस्टर का लागले? (२)
(इ) चित्रात मुद्दाम न दाखवलेल्या दोन गोष्टी लिहा. (२)
(ई) पोस्टरमध्ये एखादे खोटे विधान आहे का? नसेल, तर त्याला प्रचार का म्हणायचे? (२)

प्रश्न २. एका बातमीचा प्रवास वाचा. (९)

१० एप्रिल १९१७ : बर्लिनच्या एका दैनिकाचा वार्ताहर आघाडीमागच्या एका कारखान्याबद्दल लिहितो. तिथे ‘काडावर’पासून चरबी काढतात. जर्मनमध्ये हा शब्द सहसा मेलेल्या जनावरासाठी वापरतात.
१७ एप्रिल १९१७ : लंडनचे ‘टाइम्स’ आणि ‘डेली मेल’ छापतात, की जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची चरबी काढतात.
डिसेंबर १९२५ : ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन संसदेत जर्मनीचा इन्कार मान्य करतात. बातमीला आधार नव्हता.

(अ) अर्थ नेमका कोणत्या टप्प्यावर बदलला? (१)
(आ) जर्मन न येणाऱ्या वाचकाने १७ एप्रिललाच कोणते दोन प्रश्न विचारायला हवे होते? (२)
(इ) युद्ध १९१८ मध्ये संपले. खुलाशाला लागलेल्या काळाचा फायदा कोणाला झाला? (२)
(ई) दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या हत्याकांडाच्या खऱ्या बातम्या आल्या, तेव्हा ‘तसलीच जुनी थाप’ म्हणून काहींनी त्यांवर विश्वास ठेवला नाही. ‘युद्धातली प्रत्येक बातमी खोटीच’ या भूमिकेत काय चुकते? ६ ते ८ ओळी. (४)

प्रश्न ३. फॉरवर्ड तपासा. (४)

बाही सरसावून दंड दाखवणाऱ्या कामगार स्त्रीचे अमेरिकन पोस्टर एका ग्रुपवर आले आहे. खालची ओळ : ‘१९४३ मध्ये अमेरिकन सरकारने देशभर लावून लाखो स्त्रियांना कारखान्यात बोलावले.’ या एका ओळीत किती दावे आहेत, ते वेगवेगळे लिहा. कोणताही एक दावा कुठे आणि कसा तपासाल?

प्रश्न ४. संविधानाच्या कलम १९(१)(क) मधील अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर कलम १९(२) नुसार घालता येणाऱ्या निर्बंधांचे कोणतेही चार आधार लिहा. (४)

तपासणाऱ्या शिक्षकांसाठी

१(अ) मध्ये भूतकाळात विचारलेला प्रश्न आणि घरातला निवांतपणा या खुणा अपेक्षित आहेत. युद्ध संपले, आपण जिंकलो, बाबा जिवंत परतले, हे सगळे चित्र गृहीत धरून चालते. हे ज्याला सापडले त्याला (ई) सोपे जाते. पोस्टरमध्ये खोटे विधान नाही. शरमेचा दबाव आहे आणि सोयीची निवड आहे. ‘प्रचार म्हणजे खोटे बोलणे’ हे पाठ केलेले उत्तर इथे हमखास येते, त्याला शून्य. ‘भावनेला हात घातला’ एवढेच लिहिले तर अर्धा गुण. कोणती भावना, चित्राच्या कोणत्या भागाने, हे हवे. (इ) मध्ये खंदक, जखमी, मृत्यू, आई यांतले काहीही चालेल.

२(आ) साठी ‘मूळ मजकूर कुठे आहे?’ आणि ‘कारखाना स्वतः कोणी पाहिला?’ हे प्रश्न सर्वांत उपयोगी. ‘छापणाऱ्याचा यात काय फायदा?’ हाही चालेल. ‘गुगल करावे’ला गुण नाही, साल १९१७ आहे. २(ई) मध्ये मूल ‘म्हणून सगळ्यांवर विश्वास ठेवावा’ या दुसऱ्या टोकाला जाते. अपेक्षित मुद्दा असा, की प्रत्येक बातमीला वेगळा पुरावा मागायचा; सरसकट नाकारणे हीसुद्धा न तपासता घेतलेली बाजूच. विद्यार्थ्याने एखाद्या देशाला सरसकट शिव्या घातल्या तर भाषेचे गुण कापू नका, पण मुद्द्याचे देऊ नका.

प्रश्न ३ मध्ये वर्ष, प्रकाशक, प्रसार, हेतू, परिणाम असे किमान चार दावे निघतात. वर्ष बरोबर आहे. पोस्टर सरकारचे नव्हते. वेस्टिंगहाऊस कंपनीसाठी जे. हॉवर्ड मिलर यांनी केले आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये कंपनीच्या कारखान्यांत सुमारे दोन आठवडे लागले. ते आधीच कामावर असलेल्यांसाठी होते. प्रसिद्धी नंतरच्या दशकांतली. ‘विकिपीडिया पाहीन’ला एक गुण, ‘कंपनीची किंवा संग्रहालयाची नोंद पाहीन’ला दोन.

प्रश्न ४ मध्ये ‘खोटी बातमी’ हा आधार म्हणून लिहिलेला सापडेल. तो यादीत नाही. सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्यास चिथावणी, एवढेच आठ.

छपाई : चित्र निदान अर्ध्या ए-४ आकाराचे ठेवा. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की वडिलांची नजर पुसट होते, आणि प्रश्न १ तिच्यावरच उभा आहे.